फोटोतलं ड्रिल मशीन ओळखा: काँक्रीटच्या भिंतीला ते पुरेल का?

जुनं ड्रिल मशीन विकत घ्यायचं असो की शेजाऱ्यांकडून एका दिवसापुरतं आणायचं असो, हल्ली आधी फोनवर त्याचा फोटो येतो. सोबत ठरलेला प्रश्न असतो, ‘याने भिंतीला भोक पडेल ना?’ भिंत विटांची असेल तर योग्य बिट लावून जवळपास कुठल्याही मशीनने पडेल. काँक्रीटची असेल तर मात्र त्या मशीनमध्ये ठोका मारायची सोय आहे का आणि तो ठोका किती दमदार आहे, हे आधी कळायला हवं. या दोन्ही गोष्टी चांगल्या फोटोवरून बऱ्याच अंशी ओळखता येतात. त्यासाठी मशीनच्या रंगाकडे किंवा वॉटच्या मोठ्या आकड्याकडे न बघता मशीनचं नाक, वरची कळ आणि बाजूची पाटी पाहायची.

आधी भिंत कोणती ते बघा

आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत कॉलम, बीम आणि स्लॅब काँक्रीटचे असतात आणि मधल्या भिंती विटांच्या किंवा एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र सिमेंटी ठोकळ्यांच्या. त्यामुळे ‘आमचं घर विटांचं आहे’ एवढं म्हणून भागत नाही. पडद्याचा रॉड खिडकीच्या वर लागतो आणि तिथे नेमकं लिंटेल किंवा बीम असतं. बाकीच्या भिंतीत सरसर जाणारं मशीन पडद्याच्या रॉडपाशी का अडून बसतं, याचं कारण हे. गेल्या काही वर्षांतल्या मोठ्या गृहसंकुलांत, विशेषतः मुंबई, ठाणे आणि पुण्याच्या नव्या उपनगरांत, ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या भिंती दिसतात. लोक त्याला मायवान म्हणतात. तिथे बहुतेक सगळ्याच भिंती काँक्रीटच्या असतात.

भिंत ठोकून फारसं कळत नाही, कारण वरचा गिलावा सगळीकडे सारखाच वाजतो. खात्री हवी असेल तर पुढे झाकली जाईल अशा जागी सहा मिलिमीटरचं एक भोक पाडायला घ्या आणि खाली पडणारी भुकटी बघा. पहिला दीड-दोन सेंटिमीटर गिलावा असतो, त्याची भुकटी राखाडी येते. ती बघून काँक्रीट समजू नका. गिलावा संपल्यावर काय येतं ते महत्त्वाचं. लालसर भुकटी आली की वीट. पांढुरकी, मऊ, भराभर येणारी भुकटी म्हणजे एएसी ब्लॉक. भुकटी राखाडीच राहिली, अगदी बारीक आणि थोडी थोडी येऊ लागली आणि बिट पुढे सरकेना, तर ते काँक्रीट. मायवानच्या भिंतीवर जाड गिलावा नसतो. तिथे पुट्टीचा पातळ पांढरा थर संपला की लगेच राखाडी भुकटी सुरू होते.

ठोका कशासाठी लागतो

महाराष्ट्राच्या बहुतेक भागात काँक्रीटमधली खडी काळ्या पाषाणाची, म्हणजे बसाल्टची असते. सिमेंट आणि वाळूचा भाग नुसत्या फिरणाऱ्या बिटने घासला जाईल, पण खडी घासली जात नाही. ती ठोक्याने फोडावी लागते आणि बिटच्या फिरण्याने तिचा चुरा बाहेर काढावा लागतो. ठोका नसलेलं मशीन खडीवर आलं की जागच्या जागी फिरत राहतं. मग माणूस अंगाचा भार टाकतो, बिट तापतं, टोकाला डाख लावून बसवलेली कार्बाईडची पाटी सैल होते किंवा टोक निळंकाळं पडतं. ‘बिट खराब निघालं’ अशी तक्रार घेऊन जे दुकानात परत जातात, त्यांच्यातल्या अनेकांचं बिट चांगलं असतं आणि मशीन चुकीचं असतं.

ठोका मारण्याच्या दोन पद्धती आहेत आणि पुढचा सगळा लेख या फरकावर उभा आहे.

पहिली पद्धत इम्पॅक्ट ड्रिलची. आत दोन दातेरी चकत्या असतात. कळ हातोडीवर ठेवली की त्या एकमेकींवर घासून उड्या मारतात आणि चक, म्हणजे बिट पकडणारा पुढचा भाग, पुढे-मागे किंचित हलतो. ठोके प्रचंड संख्येने पडतात. मिनिटाला २८०० फेरे घेणारं साधारण मशीन मिनिटाला चाळीस हजारांच्या वर ठोके मारतं. पण एकेक ठोका अगदी हलका असतो आणि तुम्ही मागून किती दाबता यावर त्याचा जोर ठरतो.

दुसरी पद्धत रोटरी हॅमरची. यात मोटर एका नळीतला दट्ट्या पुढे-मागे करते, दट्ट्यापुढची हवा दबते आणि ती दबलेली हवा एका जड ठोकळ्याला बिटवर आपटते. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच पडतात, पण एकेक ठोका खडी फोडणारा असतो. वर, तो मशीनच्या आत तयार होत असल्यामुळे तुम्हाला जोर लावावा लागत नाही. मशीन भिंतीला टेकवून सरळ धरलं की पुरतं.

दुकानात दोन्हींना सर्रास ‘हॅमर मशीन’ म्हणतात. त्यामुळे विकणाऱ्याने ‘हॅमर आहे’ असं लिहिलं असलं तरी तेवढ्यावर थांबू नका आणि फोटोकडे वळा.

नाक: फोटोतली सगळ्यात बोलकी जागा

बिट जिथे बसतं तो पुढचा भाग मोठा करून बघा. चार प्रकार दिसू शकतात.

चकाच्या भोवती दातेरी कडं आणि बाजूला लहान गोल छिद्रं दिसली, तर तो चावीचा चक. समोरून पाहिलं तर आत तीन जबडे असतात. असा चक साध्या ड्रिललाही असतो आणि इम्पॅक्ट ड्रिललाही, म्हणून निर्णय इथे होत नाही. पण वायरचं मशीन असेल तर या दोहोंपैकी एक आहे, इतकं कळलं.

चकाच्या अंगावर उभ्या रेघा असलेलं प्लास्टिकचं किंवा धातूचं टोपण असेल आणि दाते नसतील, तर तो हाताने आवळायचा चक. आतले जबडे तेच तीन. बॅटरीच्या मशीनवर बहुतेक हाच असतो. इथेही निर्णय पुढच्या पायरीवर ढकलावा लागतो.

नाक निमुळतं असेल, टोकाला काळी रबरी टोपी असेल, मागे ओढायची कॉलर असेल आणि जबडे अजिबात दिसत नसतील, तर ते एसडीएस-प्लस. त्यात बसणाऱ्या बिटची मागची दांडी १० मिलिमीटरची असते आणि तिच्यावर लांबट खाचा असतात. बिट आवळावं लागत नाही. आत ढकललं की टक्क आवाज करून अडकतं आणि तरी थोडं पुढे-मागे हलतं. ते हलणं दोष नाही. ठोका नीट पोचावा म्हणून ती मोकळीक ठेवलेली असते. हे नाक दिसलं की मशीन रोटरी हॅमर आहे आणि घरगुती काँक्रीटचा प्रश्न बहुतांशी मिटला.

चौथा प्रकार फसवणारा. लहानसं, आखूड नाकाचं बॅटरीचं मशीन, पुढे बोटभर रुंदीची कॉलर आणि मधे षटकोनी भोक. हा इम्पॅक्ट ड्रायव्हर. नावात इम्पॅक्ट असल्यामुळे नवखा माणूस हमखास हे काँक्रीटसाठी घेतो. याचा झटका फिरण्याच्या दिशेने बसतो, भिंतीच्या दिशेने नाही. लांब स्क्रू लाकडात किंवा पत्र्यात बसवायला ते फार चांगलं आहे. षटकोनी दांडीचं मेसनरी बिट लावून विटेत लहान भोक पाडता येतं. काँक्रीटसाठी ते धरू नका.

एक खबरदारी घ्या. रोटरी हॅमरला जोड लावून पुढे चावीचा चक बसवता येतो, लाकूड-लोखंडाच्या कामासाठी. अशा मशीनचा फोटो साध्या ड्रिलसारखा दिसू शकतो. चकाच्या मागे एसडीएसची कॉलर डोकावते का ते पाहा, आणि अंगाची ठेवणही पाहा. रोटरी हॅमरचं पुढचं नळकांडं लांब आणि भरीव असतं, मूठ मागे बंद कड्यासारखी असू शकते आणि बाजूला मोठी गोल कळ असते. उलट, चकात बसवायच्या एसडीएस जोडणीच्या भानगडीत पडू नका. साध्या ड्रिलला एसडीएसचं नाक लावल्याने आत दट्ट्या येत नाही.

कळ आणि तिच्यावरची चित्रं

चक तीन जबड्यांचा असेल तर आता मशीनच्या वरच्या बाजूचा फोटो हवा. इम्पॅक्ट ड्रिलला चकाच्या लगेच मागे, डोक्यावर किंवा कडेला, सरकवायची कळ असते. तिच्या एका टोकाला नुसत्या बिटचं चित्र असतं आणि दुसऱ्या टोकाला हातोडीचं. हातोडीचं चित्र दिसलं की मशीन ठोका मारतं. ती कळच नसेल, तर ते नुसतं फिरणारं ड्रिल आहे आणि काँक्रीटसाठी बाद.

इथे एक गोंधळ कायम होतो. घोड्याजवळ, म्हणजे बोटाने दाबायच्या बटणाच्या वर, आणखी एक कळ असते. तिच्यावर उलट-सुलट बाण असतात. ती फिरण्याची दिशा बदलण्यासाठी आहे. फोटोत ती दाखवून विकणारा ‘दोन मोड आहेत’ म्हणाला तर त्याचा ठोक्याशी काही संबंध नाही.

बॅटरीच्या मशीनवर चकामागे फिरणारं कडं असतं. त्यावर १ ते २० असे आकडे असतात, ते स्क्रू किती घट्ट बसल्यावर मशीनने सुटावं यासाठी. आकड्यांच्या पुढची चित्रं पाहा. स्क्रू आणि बिट एवढीच असतील तर ठोका नाही. तिसरं हातोडीचं असेल तर आहे. काही मशीनवर ही चित्रं डोक्यावर वेगळ्या कड्यावर असतात. १२ व्होल्टच्या लहान मशीनला हातोडी असली तरी तिचा उपयोग विटेपुरता समजा. १८ व्होल्टच्या हातोडीवाल्या मशीनने काँक्रीटमध्ये सहा मिलिमीटरची दोन-चार भोकं निघतील, पण बॅटरीही तितक्याच लवकर उतरते.

रोटरी हॅमरच्या बाजूच्या गोल कळीवर बहुधा तीन चित्रं असतात: नुसतं बिट, बिट आणि हातोडी, आणि नुसती हातोडी. शेवटचं छिन्नी लावून फोडण्यासाठी. ते नसलं तरी भिंतीला भोक पाडण्यात काही अडत नाही.

नाव आणि पाटी

मशीनच्या अंगावर मोठ्या अक्षरांत मॉडेल लिहिलेलं असतं आणि नामांकित कंपन्यांच्या मॉडेलांतली पहिली अक्षरं जात सांगतात. बॉशच्या निळ्या मशीनांत जीएसबी म्हणजे ठोक्याचं ड्रिल, जीएसआर म्हणजे ठोका नसलेलं स्क्रू-ड्रिल, जीबीएम म्हणजे नुसतं फिरणारं ड्रिल, जीबीएच म्हणजे रोटरी हॅमर आणि जीडीआर म्हणजे इम्पॅक्ट ड्रायव्हर. मकिताच्या मशीनांत एचपी आणि बॅटरीचं डीएचपी ही ठोक्याची ड्रिलं, डीडीएफ ठोक्याशिवायचं, एचआर आणि डीएचआर रोटरी हॅमर, डीटीडी इम्पॅक्ट ड्रायव्हर. रोटरी हॅमरच्या आकड्यांतही माहिती दडलेली असते. बॉश जीबीएच २-२६ मधले २६ आणि मकिता एचआर २४७० मधले पहिले २४, हे काँक्रीटमध्ये पाडता येणाऱ्या भोकाचे मिलिमीटर आहेत. जीएसबी आणि जीएसआर शेजारी शेजारी ठेवली तर लांबून जुळी वाटतात, म्हणून अक्षरं वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

मग येते बारीक अक्षरांची पाटी. विकणाऱ्याकडून हिचा वेगळा फोटो मागाच. मोबाईल जवळ नेऊन, फ्लॅश बंद ठेवून, उजेडाकडे थोडं तिरकं धरून काढलेला. चकचकीत पाटीवर फ्लॅश पडला की नेमके आकडे पुसल्यासारखे दिसतात.

पाटीवर वॉट असतात. लोक तिथेच थांबतात. वॉट म्हणजे मशीन किती वीज ओढतं, ठोका किती जोरात बसतो ते नव्हे. ८०० वॉटचं इम्पॅक्ट ड्रिल ७०० वॉटच्या रोटरी हॅमरपुढे काँक्रीटमध्ये टिकत नाही. वॉटखाली इंग्रजी एन आणि त्याच्या पायाशी बारीक शून्य असेल, तर ते बिनभाराचे मिनिटाचे फेरे. तिथे ३००० च्या आसपास आकडा असेल तर मशीन इम्पॅक्ट ड्रिलच्या जातीचं, हजाराच्या आसपास असेल तर बहुधा रोटरी हॅमर. पाटीवर किंवा माहितीपत्रकात ज्यूलमध्ये आकडा दिला असेल, तर तो एका ठोक्याची ताकद सांगतो आणि तो सहसा रोटरी हॅमरचाच दिलेला असतो. घरासाठी दोन ज्यूलच्या आसपासचं मशीन भरपूर झालं.

सगळ्यात कामाचा आकडा म्हणजे काँक्रीटमधला जास्तीत जास्त व्यास. लाकूड, लोखंड आणि काँक्रीट यांचे व्यास वेगवेगळे दिलेले असतात, कधी शब्दांत, कधी चित्रांत. चकावर १३ मिलिमीटर लिहिलेलं असतं, ते चकात किती जाड दांडी मावते त्याचं माप आहे. साध्या ड्रिललाही १३ चा चक असतो, त्यामुळे त्या आकड्यावरून काँक्रीटबद्दल काहीच ठरत नाही. पाटीवर लाकूड आणि लोखंड हे दोनच व्यास असतील आणि काँक्रीटचा नसेल, तर बनवणाऱ्यानेच उत्तर देऊन ठेवलं आहे.

आणि इम्पॅक्ट ड्रिलच्या पाटीवर काँक्रीटसाठी १३ लिहिलं असेल तर तो शेवटचा टप्पा आहे, रोजचा नव्हे. माझा हिशोब असा की त्या आकड्याच्या साधारण निम्म्यापर्यंत काम सुखाने होतं. १३ च्या मशीनने सहाची भोकं आरामात, आठची सावकाश, दहाची एखाद-दुसरी आणि तीही थांबत थांबत. रोटरी हॅमरला ही भीती नाही, २४-२६ च्या मशीनने दहा-बाराची भोकं दिवसभर पाडता येतात.

एक फोटो, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

माझ्या पुतण्याने वाकडला घर घेतलं. भिंती मायवानच्या. त्याला टीव्हीच्या ब्रॅकेटसाठी आठ मिलिमीटरची पन्नास मिलिमीटर खोल चार भोकं हवी होती, आणि तीन खिडक्यांच्या पडद्यांसाठी सहाची बारा. ‘काका, हे घेऊन टाकू का?’ असं विचारत त्याने एका जुन्या मशीनचा फोटो पाठवला.

फोटो बाजूने काढलेला होता. पिस्तुलासारखी ठेवण, वायर, चकावर दातेरी कडं. म्हणजे रोटरी हॅमर नाही. चकामागे डोक्यावर काहीतरी उंचवटा दिसत होता, पण वरून उजेड पडल्याने चित्र कळत नव्हतं. बाजूची आडवी मूठ जागेवर नव्हती. चकात गुळगुळीत, अणकुचीदार, पूर्ण पोलादी बिट होतं, म्हणजे आधीचा मालक त्याने लोखंड किंवा लाकूड भोकसत असावा. भिंतीच्या बिटच्या टोकाला आडवी कार्बाईडची पाटी बसवलेली दिसते, ती बिटच्या दांड्यापेक्षा किंचित रुंद असते आणि रंगाने वेगळी असते. लावलेल्या बिटवरून मशीनची जात ठरत नाही, पण मशीन कुठल्या कामात झिजलं असेल याचा अंदाज येतो.

त्याला तीन फोटो आणखी मागायला सांगितलं: चक अगदी समोरून, डोकं वरून आणि पाटी जवळून. वरच्या फोटोत सरकती कळ आणि हातोडीचं चित्र स्पष्ट होतं. पाटीवर ६०० वॉट, २८०० फेरे, काँक्रीट १३, लोखंड १०, लाकूड २५. समोरच्या फोटोत तीनही जबडे सारखे पुढे आलेले होते, एकही तुटका नव्हता. म्हणजे धडधाकट दिसणारं इम्पॅक्ट ड्रिल.

आता काम समोर ठेवलं. सहाची बारा भोकं या मशीनच्या आवाक्यातली. आठची चार निघतील, पण काँक्रीटमध्ये पन्नास मिलिमीटर खोल जाताना एकेका भोकाला मिनिट-दोन मिनिटं लागणार, मधे बिट बाहेर काढून भुकटी मोकळी करावी लागणार आणि खडी आडवी आली तर आणखी वेळ. रोटरी हॅमरला तेच भोक दहा-वीस सेकंदांचं काम. शिवाय टीव्हीचं भोक खडीवर घसरून दोन मिलिमीटर बाजूला गेलं की ब्रॅकेट जुळत नाही, आणि भोक वाकडंतिकडं मोठं झालं की प्लास्टिकची गिट्टी आत फिरते.

म्हणून त्याला सांगितलं की सगळी सोळा भोकं एकाच दिवशी आखून ठेव, अवजारं भाड्याने देणाऱ्याकडून रोटरी हॅमर एका दिवसासाठी आण आणि काम संपव. हे जुनं मशीन पुढे लाकडाचे रॅक, नटबोल्ट, एखादी चौकट यासाठी हवं असेल तर घे. घेतलंस तर आडवी मूठ आधी विकत घे. बहुतेक इम्पॅक्ट ड्रिलांची मान ४३ मिलिमीटरची असते, त्यामुळे त्या मापाची मूठ वेगळी मिळते. ती मूठ नसेल तर काँक्रीटमध्ये बिट अचानक अडकल्यावर मशीन मनगटाला पीळ देतं, म्हणून मुठीशिवाय त्याला काँक्रीटला लावूच नको.

फोटोत न दिसणारं

फोटोवरून जात कळते, तब्येत नाही. ती व्हिडिओवरून बघा. मशीन मोकळं चालवताना मागच्या झडपांमधून आत दिसणारी बारीक निळसर ठिणगी चालते, पण मोठ्या पिवळ्या ज्वाळेसारख्या ठिणग्या उडत असतील तर कार्बन संपलेले आहेत किंवा मोटरचा कम्युटेटर खराब झाला आहे. कार्बन स्वस्तात बदलून मिळतात, कम्युटेटरचं काम महागात जातं. चकात लांब बिट लावून सावकाश फिरवायला सांगा. टोक गोल फिरण्याऐवजी डगमगत असेल तर चक किंवा दांडी वाकलेली आहे आणि भोक मोठं पडेल.

ठोक्याची परीक्षा हवेत होत नाही. रोटरी हॅमर हवेत नुसतं फिरतं, बिट भिंतीला टेकवल्यावरच ठोका सुरू होतो. म्हणून विटेच्या किंवा काँक्रीटच्या तुकड्यावर पाच सेकंद चालवलेला व्हिडिओ मागा. इम्पॅक्ट ड्रिलचा आवाज सलग, कर्कश, खरखरीत येतो. रोटरी हॅमरचा वेगळे वेगळे ठोके ऐकू येणारा, जाड येतो. हातोडीवर कळ असूनही आवाज नुसत्या मोटरचाच येत असेल, तर आतल्या चकत्या घासून सपाट झाल्या आहेत. ते मशीन आता साधं ड्रिल आहे, तेवढीच किंमत द्या.

पहिलं भोक

मशीन हातात आलं की आधी भोकाची जागा तपासा. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि आडव्या रेषेत भोक नको. मायवानमध्ये वायरिंगचे पाइप काँक्रीट ओतायच्या आधीच आत टाकलेले असतात, आणि एखादा भोकला गेला तर तो बाहेर काढून दुरुस्त करता येत नाही. डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर मास्क हवाच, कारण काँक्रीटच्या बारीक धुळीतला सिलिका फुप्फुसात साठतो.

सुरुवात ठोका बंद ठेवून कमी वेगाने करा, बिटने खळगा केला की ठोका सुरू करा. दर दहा-पंधरा मिलिमीटरला बिट फिरतं ठेवूनच बाहेर काढा, म्हणजे भुकटी निघून येईल. इम्पॅक्ट ड्रिल असेल तर मागून चांगलं दाबावं लागतं. रोटरी हॅमरला जास्त दाबलं तर उलट ठोका मंदावतो. आणि विटेत किंवा एएसी ब्लॉकमध्ये रोटरी हॅमरचा ठोका बंदच ठेवा, नाहीतर आठचं भोक मागून फुटून बाराचं होतं.

अर्धं मिनिट जोर लावूनही बिट पुढे सरकत नसेल तर थांबून टोक बघा. टोक निळं पडलं असेल किंवा कार्बाईडच्या पाटीचे कोपरे गोल झाले असतील तर आधी बिट बदला. टोक चांगलं असेल आणि भोकातून राखाडी भुकटीऐवजी चमकदार धातूचे कण येत असतील, आवाजही खणखणीत झाला असेल, तर बिट सळईवर टेकलं आहे. कॉलममध्ये सळईवर सहसा किमान ४० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण ठेवतात, आयएस ४५६ मध्ये तसं सांगितलं आहे. बीम आणि मायवानच्या भिंतींत ते याहून कमी असू शकतं. तिथे मोठं मशीन आणून सळई कापायची नाही. भोक दोन-तीन सेंटिमीटर बाजूला घ्या आणि जुनं भोक सिमेंटने भरून टाका. टोक चांगलं, धातूचा कण नाही आणि तरी बिट जागचं हलत नाही, असं दोन वेगवेगळ्या ठिकाणी झालं, तर खडी त्या मशीनच्या ठोक्याला दाद देत नाही. ते बाजूला ठेवा आणि रोटरी हॅमर आणा.